डबा काठोकाठ का भरत नाही? तेलाच्या डब्यातल्या मोकळ्या जागेचा हिशोब

आज आपण तेलाच्या डब्याबद्दल बोलणार आहोत. तेल कसं काढायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. आज बोलायचं ते डब्यात वरती जी जागा रिकामी राहते तिच्याबद्दल.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत अनेक गट घाण्याचं तेल काढून विकतात. कुणी करडीचं, कुणी शेंगदाण्याचं, कुणी जवसाचं. पंधरा किलोचा डबा भरला की गिऱ्हाईक वाकून आत बघतं आणि म्हणतं, "ताई, डबा तर वरून रिकामाच दिसते! एवढे पैसे घेता अन् डबा पुरा भरत नाही?" मग गटातल्या एखादीला वाटतं, असं बोलणं खाण्यापेक्षा घालूनच टाकावं अजून पावशेर. तसं केलं तर पावशेर तेल जातंच, आणि उन्हाळ्यात तो डबाही हातचा जाऊ शकतो. असं का होतं ते समजून घेऊ.

तेल तापलं की फुगतं. कढईत ते उकळतं, तसं हे नाही. नुसत्या खोलीच्या उष्णतेनंसुद्धा तेल थोडं जास्त जागा घेऊ लागतं. वजन तेवढंच राहतं, एक थेंबही वाढत नाही, फक्त पसारा वाढतो. डबासुद्धा तापून मोठा होतो, पण पत्रा फारच कमी वाढतो. सतरा लिटरचा पत्र्याचा डबा तीस अंशांनी तापला तर त्याच्या पोटात जेमतेम वीस मिलीची जागा वाढते. आतलं तेल त्याच उष्णतेत साडेतीनशे मिलीहून जास्त वाढतं. हवा दाबली तर दबते, तेल दबत नाही. म्हणून वाढलेल्या तेलाला जायला जागा मिळाली नाही, की ते डब्याचा सांधा नाहीतर बूच ढकलून स्वतःची वाट करतं.

आता तेल किती वाढतं हा आकडा काढू. यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, तो एका सरकारी सूचनेतच दडलेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं खाद्यतेल पॅक करणाऱ्यांना सांगितलं, की पिशवीवर 'अमुक तापमानाला एक लिटर' असं लिहू नका, आणि लिटरसोबत वजनही छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. कारण काय होतं? काही पिशव्यांवर ६० अंशांसारखं मोठं तापमान छापलेलं असायचं. खात्यानं सोयाबीन तेलाचं उदाहरण दिलं होतं. २१ अंशाला एक लिटर तेल भरलं तर त्याचं वजन सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, आणि ६० अंशाला तेच एक लिटर सुमारे ८९३ ग्रॅमच भरतं. लिटर दोन्हीकडे एकच, पण गरम तेलाच्या लिटरमध्ये २६ ग्रॅम तेल कमी.

ही माहिती गिऱ्हाइकासाठी होती, पण आपल्याला तिच्यातून हवा तो आकडा मिळतो. ६० वजा २१, म्हणजे ३९ अंशांचा फरक. २६ ग्रॅमला ८९३ नं भागलं तर शंभराला जवळपास तीन येतात. म्हणजे ३९ अंशांत तेल शंभराला तीन या हिशोबानं फुगलं, एका लिटरला साधारण तीस मिली. तीस मिलीला ३९ अंशांनी भागलं की दर अंशाला पाऊण मिली. हाच आकडा आज लक्षात ठेवायचा: एक लिटर तेल, एक अंश उष्णता, पाऊण मिली वाढ. करडी, शेंगदाणा, सरकी, सोयाबीन या तेलांत थोडाफार फरक असतो, पण डबा भरायच्या कामाला पाऊण मिली सगळ्यांना चालतो.

पाणीही तापलं की फुगतं, पण आपल्याकडच्या उष्णतेत ते तेलाच्या निम्म्याच्या आसपासच वाढतं. म्हणून कुणी म्हणालं की आमची पाण्याची कॅन काठोकाठ भरून उन्हात राहते आणि काही होत नाही, तर तो अनुभव तेलाला लावू नका.

दुसरा आकडा तापमानाचा. इथं दोन तापमानं लागतात: भरताना तेल किती अंशांचं होतं, आणि विकलं जाईपर्यंत जास्तीत जास्त किती तापेल. जानेवारीत सकाळी आपल्या खोलीत ठेवलेलं तेल साधारण २० अंशांचं असतं. मे महिन्यात अकोल्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, अमरावतीतही फार वेगळं नसतं. टिनाच्या शेडमध्ये तर त्याहून जास्त. म्हणून आपण आत ठेवलेल्या तेलासाठी वरचं तापमान ५० अंश धरू. फरक ३० अंशांचा झाला. तीस अंश गुणिले पाऊण मिली, म्हणजे एका लिटरला साडेबावीस मिली वाढ.

तिसरा आकडा डब्याचा, आणि तो बहुतेक गट मोजतच नाहीत. 'पंधरा किलोचा डबा' हे डब्याचं नाव झालं. त्याच्यात काठापर्यंत खरं किती मावतं ते वेगळंच असतं. एका दुकानातला डबा आणि दुसऱ्या दुकानातला डबा दिसायला सारखे असले तरी पोटात अर्ध्या लिटरचा फरक असू शकतो. मोजायची रीत सोपी आहे. रिकामा डबा काट्यावर ठेवा, वजन लिहा. मग काठापर्यंत पाणी भरा, परत वजन करा. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, त्यामुळे जेवढे किलो आले तेवढे लिटर डब्यात मावतात. नवीन माल आला की त्यातला एकच डबा असा तपासायचा आणि तो तेलाला वापरायचा नाही. आत पाण्याचा थेंब राहिला तर तेल खराब होतं.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

गटाला डब्यात पंधरा किलो तेल भरायचं आहे. २० अंशांच्या आसपास एक लिटर तेल साधारण ९२० ग्रॅम भरतं. पंधरा किलोला ०.९२ नं भागलं की १६.३ लिटर येतात. म्हणजे पंधरा किलो तेलाला थंडीत १६.३ लिटर जागा लागते. ते मे महिन्यात किती वाढेल? एका लिटरला साडेबावीस मिली, तर १६.३ लिटरला ३६७ मिली. एक पेलाभर तेल नव्यानं आत आलं असं समजा.

पहिल्या दुकानाचा डबा पाण्यानं मोजला तर १७ लिटर भरला. १७ मधून १६.३ गेले, ७०० मिली जागा उरली. त्यात ३६७ मिली तेल वाढलं तरी ३३३ मिली हवा शिल्लक राहते. हा डबा चालतो.

दुसऱ्या दुकानाचा डबा थोडा स्वस्त होता. तो मोजला तर १६.६ लिटर भरला. १६.६ मधून १६.३ गेले, ३०० मिली उरले. तेल वाढणार ३६७ मिली. म्हणजे जागा संपून वर ६७ मिली तेल शिल्लक राहतं. जानेवारीत हा डबा छान भरलेला दिसेल, गिऱ्हाईकही खूश होईल. मे महिन्यात मात्र तो आधी फुगेल आणि मग सांध्यातून गळेल. पंधरा किलोसाठी हा डबा घ्यायचाच नाही, मग तो कितीही स्वस्त असो. पहिल्याच डब्यात जर आपण गिऱ्हाइकाच्या शब्दाखातर पावशेर जास्त घातलं, तर तिथली मोकळी जागा पावणेतीनशे मिलीनं कमी होते, आणि तो डबाही दुसऱ्याच्याच रांगेत जाऊन बसतो.

इथं एखादी विचारेल, की ३६७ मिली वाढ आहे तर नेमकी ३६७ मिलीच जागा ठेवली तर काय बिघडलं? बिघडतं ते हवेमुळं. वरच्या जागेत हवा कोंडलेली असते. तेल वर चढत गेलं की ती हवा दाबली जाते. जागा निम्मी झाली की हवेचा दाब दुप्पट होतो, आणि जागा संपत आली की तो फारच चढतो. पत्र्याच्या डब्याच्या सपाट बाजू थोड्या बाहेर येऊन त्याला जागा देतात, म्हणून तो लगेच फुटत नाही. पण सांध्यावर ताण येतोच. म्हणून सर्वांत जास्त उष्णतेतसुद्धा थोडी हवा उरायलाच हवी.

किती उरावी, याला एक चांगलं माप आहे. धोकादायक द्रवांची वाहतूक करण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत मोठी पात्रं भरताना ५० अंश तापमानाला द्रव पात्राच्या शंभर भागांपैकी ९८ भागांच्या वर जाऊ नये असं सांगितलेलं आहे. म्हणजे अगदी तापल्यावरही शंभराला दोन भाग मोकळे. आपलं खायचं तेल त्या नियमात येत नाही, पण तीच रीत आपल्याला उपयोगी पडते. आपल्या १७ लिटरच्या डब्याचे शंभराला दोन म्हणजे ३४० मिली. आणि वर आपल्याकडे उरले होते ३३३. म्हणजे १७ लिटरचा डबा पंधरा किलोला अगदी नेमका बसतो.

ज्यांना हिशोब उलट बाजूनं करायचा आहे, म्हणजे हातात डबा आहे आणि त्यात किती तेल घालावं ते काढायचं आहे, त्यांच्यासाठी रीत अशी:

भरायचं तेल (लिटर) = डब्यात काठापर्यंत मावणारे लिटर × ०.९८ ÷ (१ + ०.०००७५ × तापमानातला फरक)

यातलं ०.०००७५ म्हणजे आपली तीच पाऊण मिली, लिटरमध्ये लिहिलेली. जानेवारीत भरून मे महिन्यात विकायचं असेल, म्हणजे फरक तीस अंशांचा असेल, तर कंसातला आकडा १.०२२५ येतो. १६.६ लिटरचा डबा घेतला तर १६.६ ला ०.९८ नं गुणलं की १६.२७, आणि त्याला १.०२२५ नं भागलं की १५.९ लिटर. त्याला ०.९२ नं गुणलं की वजन आलं, साधारण १४ किलो ६०० ग्रॅम. एवढंच तेल त्या डब्यात सुरक्षित मावतं, पंधरा किलो नाही. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे एका मिनिटाचं काम आहे.

यातून मोजण्याची एक शिस्तही निघते. तेल द्यायचं ते काट्यावर, कारण वजन थंडी-उन्हानं बदलत नाही. जागा ठेवायची ती लिटरच्या हिशोबानं, कारण बदलतो तो पसारा. घाण्यावरून नुकतंच निघालेलं तेल कोमट असतं. समजा ते ४० अंशांचं आहे आणि तुम्ही मापट्यानं एक लिटर मोजून बाटलीत भरलं. ते गार झालं की पातळी खाली जाते, आणि वजन केलं तर थंड लिटरपेक्षा १४ ग्रॅमच्या आसपास कमी भरतं. गिऱ्हाइकाला वाटतं मापात मारलं. काट्यावर भरलं असतं तर पातळी खाली गेली तरी तेल पूर्णच असतं.

जागा कमी पडली आहे हे गळायच्या आधीच ओळखता येतं. चैत्र लागला की भरलेल्या डब्यांवर नजर ठेवा. दुपारी डब्याच्या बाजूवर हात ठेवून बघा. पत्रा ताठ आणि बाहेर आलेला लागला, आणि सकाळी तोच सैल लागला, तर आतली हवा कोंडली जाते आहे. बुचाभोवती तेलाची ओली रेघ दिसली, किंवा डबा ठेवला तिथं जमिनीवर गोल डाग पडला, तर तेल बाहेर यायला लागलं आहे. बूच उघडताना फुस्स आवाज आला तर दाब होता असं समजा. असा डबा भर दुपारी उघडू नका, नाहीतर तेल अंगावर येईल. पहाटे, गार असताना उघडा आणि थोडं तेल काढून घ्या.

गळणाऱ्या डब्याचं आणखी एक नुकसान असतं. दुपारी तेल फुगून हवा आणि तेल बाहेर ढकलतं, रात्री तेल आकसतं आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. रोज असं होत राहिलं की आत ताजी हवा जाते, पावसाळ्यात ओलही जाते, आणि तेल लवकर खवट होतं. गळालं किती ते डोळ्यांना दिसतं, खवट व्हायला लागलं ते मात्र गिऱ्हाईक परत आल्यावरच कळतं.

पण म्हणून उलट टोकालाही जायचं नाही. काहीजणी घाबरून डब्याचा चौथा हिस्सा रिकामा ठेवतात. एवढी हवा तेलावर बसून राहिली तरी तेल खवट व्हायला मदतच होते. जागा हिशोबाएवढीच ठेवायची, कमीही नको आणि फार जास्तही नको.

पत्र्याच्या डब्याऐवजी तुम्ही प्लास्टिकची कॅन वापरत असाल तर ती तापून स्वतःही बरीच वाढते आणि फुगते, म्हणून लगेच गळत नाही. पण फुगलेली कॅन बुडाशी डुगडुगते, रचलेली थप्पी कोसळते, आणि तापून मऊ झालेलं झाकण सैल पडतं. तिच्या फुगण्यावर भरवसा ठेवू नका, हिशोब पत्र्याचाच धरा. काचेची बाटली तर फुगतच नाही. तिच्यात सगळा दाब झाकणावर येतो, म्हणून वाढीच्या तिप्पट तरी जागा ठेवा. एक लिटर तेलाला साडेबावीस गुणिले तीन, म्हणजे सत्तर मिलीच्या आसपास. म्हणून बाटली घेतानाच ती काठापर्यंत एक लिटर सत्तर मिली भरते का ते पाण्यानं मोजून घ्या.

आठवडी बाजाराला नेताना मात्र वेगळा विचार करा. वैशाखाच्या उन्हात उघड्या गाडीत ठेवलेला पत्र्याचा डबा ५० अंशांच्या वर जाऊ शकतो. समजा ६० वर गेला, तर आपल्या १७ लिटरच्या डब्यात वाढ ४८९ मिली होते आणि २११ मिली जागा उरते. गळणार नाही, पण दाब बराच वाढेल. पहाटेच निघा, आणि डब्यांवर गोणपाट टाका.

हाच नियम तुमच्या स्वयंपाकघरात आधीपासून पाळला जातो आहे. गॅसच्या लाल सिलिंडरमध्ये ३३ लिटरहून थोडं जास्त पाणी मावेल एवढी जागा असते. त्यात गॅस भरतात १४.२ किलो. आत तो द्रव असतो, पाण्यापेक्षा बराच हलका, म्हणून एवढ्या वजनाला २६ लिटरच्या आसपास जागा लागते. म्हणजे साधारण पाचवा हिस्सा मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. कारण हा द्रव तेलाच्या तिपटी-चौपटीनं फुगतो, आणि तिथं जागा संपली तर नुसतं गळण्यावर भागत नाही. सिलिंडर अर्धवट भरला अशी तक्रार म्हणून कुणी करत नाही, कारण तिथं आपण वजन बघतो.

तेलाच्या डब्याचंही तसंच करा. गिऱ्हाइकानं आत वाकून पाहिलं की डबा काट्यावर ठेवा. रिकाम्या डब्याचं वजन त्याच्यावर आधीच लिहून ठेवा, ते वजा करून पंधरा किलो दाखवा. आणि सांगा, "काकू, तेल पुरं पंधरा किलो आहे. ही वरची जागा मे महिन्यातल्या उन्हासाठी ठेवली आहे. ती नसती तर तुमचंच तेल तुमच्या घरच्या जमिनीवर गेलं असतं."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटानं सध्या वापरात असलेला एक रिकामा डबा पाण्यानं मोजून बघा आणि आकडा वहीत लिहा. तो १७ लिटरच्या खाली भरला, तर जानेवारीत भरून ठेवलेले पंधरा किलोचे डबे चैत्राच्या आधी विकून टाका, किंवा त्यातलं तेल थोडं कमी करून वजन नव्यानं लिहा.